राजीनाम्याचं पत्र रागात लिहून झालंय? मग पाठवायच्या आधी हे करा

राजीनामा द्यायचं ठरलंय, पत्रही लिहून झालंय, पण परत वाचलं की आपल्यालाच कळतंय हे जरा जास्तच झालं, अशांसाठी हे लिहितेय. ज्यांचा कागद अजून कोरा आहे त्यांना नमुने कुठेही मिळतील. इथे मी धरून चाललेय की तुमच्याकडे एक ड्राफ्ट आहे, तो कोरडा आहे, मधेमधे टोचतोय, आणि तुम्हाला तो असा करायचाय की वाचणाऱ्याला वाटावं माणूस चांगल्या मनाने निघालाय. आणि हे सगळं खोटं न बोलता.

मी राजीनामे दिलेत पण आणि टीममधल्यांचे घेतलेत पण, त्यामुळे हा कागद पोचल्यावर त्याचं काय होतं ते दोन्ही बाजूंनी बघितलंय. मॅनेजर पहिल्यांदा वाचतो तेव्हा तो मजकूर वाचतच नाही, तारीख शोधतो, कारण त्याच्या डोक्यात आता याचं काम कोणाला द्यायचं हेच चालू झालेलं असतं. दुसऱ्यांदा वाचतो तेव्हा सूर कळतो. मग पत्र एचआरकडे जातं आणि तुमच्या फाइलमध्ये पडून राहतं. पुढे कधी नव्या ठिकाणाहून व्हेरिफिकेशनचा फोन आला किंवा तुम्हालाच परत तिथे जावंसं वाटलं, तर फाइल उघडणारा भलताच कोणीतरी असू शकतो. त्याला तुमचं भांडण माहीत नसतं, तुमची बाजू माहीत नसते, समोर फक्त तो कागद.

१. आधी या गोष्टी जवळ घेऊन बसा

- तुमचं अपॉइंटमेंट लेटर. नोटीस पिरियड किती आहे ते आठवणीवर सोडू नका, त्यात बघा.
- मूळ ड्राफ्टची एक कॉपी. ती तशीच वेगळी सेव्ह करून ठेवा, पुढे लागणार आहे.
- सध्या तुमच्या अंगावर असलेल्या कामांची यादी, मोडकीतोडकी असली तरी चालेल.
- एक रिकामं पान, तक्रारींसाठी.
- एक माणूस जो तुमच्या ऑफिसातला नाही आणि तुमची बाजू घेऊन चिडणारही नाही. जवळची मैत्रीण बहुतेक वेळा यात बसत नाही, ती म्हणणार "बरोबर लिहिलंयस, अजून घाल."

आणि हे काम मेलच्या खिडकीत करू नका. वेगळ्या डॉक्युमेंटमध्ये करा, मेलमध्येच करायचं असेल तर निदान कोणाला पाठवायचं ती जागा रिकामी ठेवा. अर्धवट पत्र चुकून गेलं की नंतर कितीही आपुलकीने लिहा, लोक पहिलंच लक्षात ठेवतात.

२. हे पत्र गोड करायचं की नाही ते आधी ठरवा

हो, हे आधी. कारण काही वेळा पत्र गोड करणं तुमच्याच अंगाशी येऊ शकतं. तुम्हाला दबाव टाकून राजीनामा लिहायला लावत असतील, छळ झाला असेल, भेदभाव झाला असेल, पगार अडकवला असेल आणि त्याबद्दल पुढे तक्रार किंवा केस करायचा विचार असेल, तर "मी स्वखुशीने आणि समाधानाने जात आहे" हे वाक्य उद्या तुमच्याच विरोधात समोर ठेवलं जाऊ शकतं. अशा वेळी आधी नोकरीच्या कायद्यातलं समजणाऱ्या वकिलाला दाखवा, मगच सही करा. तोपर्यंत पत्र गोडही नको आणि तिखटही नको.

बाकी नेहमीच्या गोष्टी, म्हणजे प्रमोशन दिलं नाही, श्रेय दुसऱ्याने घेतलं, कामाचा ढीग टाकला, मॅनेजरशी पटलं नाही, यांच्यासाठी पुढचं सगळं लागू पडतं.

३. टोचणारी जागा शोधा

आता एक खरा ड्राफ्ट घेऊ. अकाउंट्समध्ये काम करणाऱ्या एका ओळखीच्या मुलीने मला वाचायला दिला होता, तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असं सगळं बदलून देतेय:

> विषय: राजीनामा
>
> महोदय,
>
> गेली चार वर्षे मी या कंपनीत प्रामाणिकपणे काम केले. असे असूनही माझ्या कामाची दखल कधीच घेतली गेली नाही. वारंवार सांगूनही टीममध्ये माणसे वाढवण्यात आली नाहीत आणि यंदाही प्रमोशनच्या वेळी मला डावलण्यात आले. त्यामुळे नाइलाजाने मला हा निर्णय घ्यावा लागत आहे. नियमानुसार मी माझा एक महिन्याचा नोटीस पिरियड पूर्ण करेन. माझी सर्व देणी वेळेवर द्यावीत व अनुभव प्रमाणपत्र द्यावे. कंपनीला पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा.

ती म्हणाली यात मी कुठे वाईट बोललेय? आणि खरंच, एकही वाईट शब्द नाहीये. गंमत हीच आहे की राजीनाम्यातला राग शिव्यांमध्ये नसतो, तो बारक्या बारक्या शब्दांत बसलेला असतो आणि लिहिणाऱ्याला तो दिसत नाही कारण त्याच्या डोक्यात मागची सगळी स्टोरी चालू असते.

तर पेन्सिल घ्या आणि खुणा करत जा. "असे असूनही", "सांगूनही", "तरीही" अशी जोडणी आली की समजा मागे एक आरोप आहे. "कधीच", "यंदाही" यातला च आणि ही काढून वाक्य वाचून बघा, निम्मी धार तिथेच जाते. "वारंवार" म्हणजे मी हिशोब ठेवलाय. "नाइलाजाने" आणि "घ्यावा लागत आहे" म्हणजे तुम्ही मला घालवलंत. "दखल घेतली गेली नाही", "डावलण्यात आले" या वाक्यांत हे कोणी केलं ते लिहिलेलंच नाही, आणि लिहिणाऱ्याला वाटतं आपण नाव घेतलं नाही म्हणजे सभ्यपणे लिहिलं, पण वाचणाऱ्या मॅनेजरला बरोबर कळतं बोट कोणाकडे आहे, उलट नाव न घेतल्यामुळे जास्तच लागतं.

"प्रामाणिकपणे काम केले" हे सुद्धा बघा. एरवी चांगलं वाक्य आहे, पण राजीनाम्यात ते आलं की पुढे "आणि तुम्ही?" असं न लिहिलेलं ऐकू येतं. स्वतःच्या चांगुलपणाचं सर्टिफिकेट या पत्रात स्वतः द्यायचं नाही.

आणि शेवटचं "नियमानुसार". म्हणजे नियम नसता तर उद्याच गेले असते. फक्त "एक महिन्याचा नोटीस पिरियड पूर्ण करेन" म्हटलं तरी अर्थ तोच राहतो.

४. तक्रार पुसू नका, दुसरीकडे ठेवा

इथे लोक अडतात. खुणा केलेली वाक्यं काढायची म्हटलं की वाटतं आपण माघार घेतोय, मग दोन काढतात आणि एक ठेवतात, निदान एक तरी त्यांना कळू दे म्हणून. आणि ते एकच वाक्य सगळं पत्र नासवतं, कारण बाकी पत्र आता सौम्य झाल्यामुळे ते अजूनच उठून दिसतं.

म्हणून ते रिकामं पान. खुणा केलेलं सगळं तिकडे हलवा आणि तिथे मनसोक्त लिहा, फक्त भावनेऐवजी घटना लिहा. "दखल घेतली नाही" याऐवजी काय झालं, कधी झालं, तुम्ही काय मागितलं, काय उत्तर आलं. तिच्या पानावर शेवटी असं आलं, की टीममधली दोन माणसं सोडून गेल्यावर त्यांच्या जागा भरल्या नाहीत, व्हेंडर पेमेंट आणि बँक रीकन्सिलिएशन दोन्ही तिच्याकडे आलं, तिने दोनदा मेल करून माणूस मागितला, उत्तर आलं नाही. हे वाचायला किती वेगळं वाटतं बघा. हे वाचून कोणीतरी काहीतरी करू शकतं.

हे पान एक्झिट इंटरव्ह्यूला न्या, आणि तिथे यातले दोन किंवा तीनच मुद्दे बोला. एक्झिट इंटरव्ह्यू होत नसेल तर एचआरशी पंधरा मिनिटं मागून घ्या. तेही नको असेल तर पान तुमच्याकडे ठेवा, काही बिघडत नाही. पण राजीनाम्यात कारण लिहायचंच असं बहुतेक ठिकाणी बंधन नसतं. "पुढच्या संधीसाठी" किंवा "कामाची दिशा बदलायची आहे म्हणून" एवढं पुरतं, आणि तेही खरं असेल तरच लिहा. कारणच न लिहिलेलं पत्र कोरडं वाटत नाही, कारणांची यादी असलेलं वाटतं.

५. राजीनाम्याचं वाक्य मात्र मऊ करू नका

पत्र मऊ करायला घेतलं की लोक नको तिथेही मऊ करून टाकतात. "मी पुढे जाण्याचा विचार करत आहे", "शक्य झाल्यास मला कार्यमुक्त करावे", "जड अंतःकरणाने कळवावेसे वाटते की". यातून राजीनामा दिलाय की द्यायचा विचार आहे हेच कळत नाही. मॅनेजर बोलायला बोलावतो, आठवडा त्यात जातो आणि मग नोटीस कुठल्या तारखेपासून धरायची यावर वाद सुरू. जो टाळायचा म्हणून एवढा खटाटोप केला तोच कडवटपणा परत दारात.

म्हणून पहिल्याच वाक्यात सरळ लिहा: मी अमुक पदाचा राजीनामा देत आहे. दुसऱ्या वाक्यात शेवटच्या दिवसाची तारीख, आकड्यात. नुसतं "एक महिन्याने" नको. नोटीस तुम्ही पत्र दिलं त्या दिवसापासून धरतात की दुसऱ्या दिवसापासून, आणि मधे घेतलेल्या सुट्ट्यांनी ती पुढे ढकलली जाते का, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, ते एचआरला आधी विचारून घ्या.

आणि आभार याच्यानंतर येऊ द्या, आधी नाही. दोन परिच्छेद कौतुक आणि मग राजीनामा असं लिहिलं तर वाचणाऱ्याला पहिल्या ओळीपासून शंका येते, तो आभार वाचतच नाही, खाली उडी मारतो. बातमी आधी कळली की तो निवांत वाचतो आणि मग तुमचे आभार पोचतात.

६. आभार शोधावे लागतात, बनवायचे नाहीत

खरं काम हे आहे. बाकीचं सगळं साफसफाई.

चिडलेल्या माणसाला सांगितलं की आभार मान, तर तो दोनपैकी एक करतो. एकतर "आपण दिलेल्या संधीबद्दल आभारी आहे" असं तोंडदेखलं एक वाक्य टाकतो, जे कुठल्याही पत्रात चालेल. नाहीतर एकदम दुसऱ्या टोकाला जातो, "आपल्या अमूल्य मार्गदर्शनाखाली काम करण्याचे भाग्य लाभले". आता तुमचं आणि मॅनेजरचं पटत नव्हतं हे सगळ्या मजल्याला माहितीय, तिथे असं लिहिलं की ते आभार राहत नाहीत, टोमणा होतो. मी स्वतः असं एक पत्र वाचून खरंच विचारात पडले होते की हा मुलगा मनापासून बोलतोय की खेचतोय. म्हणून विशेषणं जितकी कमी तितकं बरं. आपुलकी विशेषणातून येत नाही, तपशिलातून येते. एक खरी, छोटी, फक्त तुमच्या दोघांना माहीत असलेली गोष्ट.

ती सापडायला मी हे प्रश्न विचारते. एक, इथे आलात तेव्हा काय येत नव्हतं जे आता येतं? दोन, ते शिकताना शेजारी कोण होतं? आणि तीन, एखाद्या वाईट दिवशी कोणी सांभाळून घेतलं होतं का?

त्या मुलीला हे विचारलं तर आधी म्हणाली काही नाही, सगळं मी माझं मी शिकले. मग थोड्या वेळाने म्हणाली, ऑडिटरसमोर बोलता यायचं नाही मला, आवाजच फुटायचा नाही. मग आता? आता मी एकटी बसते, तीन तीन दिवस चालतं. हे कधी बदललं? तर पहिल्या ऑडिटला ऑडिटर प्रश्न विचारायचे आणि मॅनेजर उत्तर माहीत असून गप्प बसायचे, हिच्याकडे बघायचे. ही चाचरत बोलायची, अडली की ते हळूच फाइलचं पान पुढे सरकवायचे. हे ती सांगत होती आणि हे तेच मॅनेजर होते बरं का, प्रमोशनवाले.

दोन्ही खरं आहे. प्रमोशनच्या वेळी त्यांनी तिच्यासाठी तोंड उघडलं नाही हेही खरं आणि फाइलचं पान सरकवलं हेही खरं. पहिलं एक्झिट इंटरव्ह्यूच्या पानावर गेलंय, दुसरं पत्रात येऊ दे.

आणि मॅनेजरने खरंच काहीच चांगलं केलेलं नसेल तर? असतं असंही. तर त्याचे आभार मानू नका. टीमचे माना, ज्या कामातून शिकलात त्या कामाचं नाव घ्या, ज्याने तुम्हाला निवडलं त्याचं घ्या. "स्टोअर्सच्या टीमबरोबर स्टॉक मोजणीचं काम करताना खूप शिकायला मिळालं" यात कोणाचंही खोटं कौतुक नाही आणि तरी वाक्य जिवंत आहे. फक्त एक सांभाळा, सगळ्यांची नावं घेऊन मॅनेजरला एकट्याला वगळलं तर तेही बोलकंच होतं, अशा वेळी कोणाचंच नाव न घेता टीम म्हणा. नावांची लांब यादी शेवटच्या दिवशीच्या निरोपाच्या मेलमध्ये घाला, ती वेगळी गोष्ट.

टेस्ट सोपी आहे. आभाराचं वाक्य उचलून दुसऱ्या कोणाच्या राजीनाम्यात ठेवून बघा. तिथे चपखल बसलं तर ते तुमचं वाक्य नाही, परत शोधा.

७. मागण्या काढा, हँडओव्हर घाला

"माझी सर्व देणी वेळेवर द्यावीत" हे पत्रातून काढा. देणी सोडा असं म्हणत नाहीये मी, ती मागा, नक्की मागा, पण राजीनामा पोचल्यावर एचआरला वेगळा मेल करून. त्यात शिल्लक रजा, अडकलेली खर्चाची बिलं, अनुभव प्रमाणपत्र, सगळं मुद्देसूद लिहा. राजीनाम्यातच लिहिलं की सूर असा येतो की तुम्ही बुडवणार हे मला माहितीय.

त्या जागी हँडओव्हर लिहा. माझ्या मते आख्ख्या पत्रातलं सगळ्यात आपुलकीचं वाक्य हेच असतं, कारण मॅनेजरला त्या क्षणी ज्याची चिंता लागलेली असते त्यालाच ते हात घालतं. पण ते नेमकं असायला हवं. "सर्वतोपरी सहकार्य करेन" याला काही वजन नाही. कुठलं काम, कोणत्या तारखेपर्यंत, कशा स्वरूपात, हे लिहा.

फक्त भरात येऊन जास्त कबूल करू नका. आपण रागात लिहिलं होतं याची टोचणी लागलेली असते ना, तर भरपाई म्हणून लोक लिहून बसतात की "गेल्यानंतरही कधीही फोन करा, मी आहे". मग नव्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात रोज फोन. नोटीस पिरियडमध्ये जे खरंच होण्यासारखं आहे तेवढंच लिहा.

८. भाषा कागदी झालीय का बघा

मराठीत पत्र लिहायला बसलं की आपण आपोआप सरकारी होतो. सदर, उपरोक्त, आपणांस कळविण्यात येते की. राग आलेला असला तर अजूनच, कारण कडक भाषेमागे लपायला बरं पडतं. जमेल तिथे "मी" ने सुरू होणारी सरळ वाक्यं करा. "निर्णय घेण्यात आला आहे" ऐवजी "मी ठरवलं आहे".

आणि हाक मारायचं बघा. ज्यांना चार वर्षं सर किंवा मॅडम किंवा नावाने बोलवलं त्यांना शेवटच्या पत्रात "महोदय" म्हटलं तर ते आदराचं वाटत नाही, दार लावून घेतल्यासारखं वाटतं. तसंच रोज "तुम्ही" म्हणत असाल तर इथेही तुम्हीच ठेवा, अचानक "आपण" आलं की परकं वाटतं. जिथे ऑफिसची पद्धतच कडक आहे, पत्र ठरावीक नमुन्यातच द्यायला लागतं, तिथे नमुना तसाच भरा आणि हे सगळं सोबतच्या मेलमध्ये लिहा, पण त्यात तारीख तीच ठेवा, दोन कागदांत दोन तारखा नकोत.

९. आता तेच पत्र, परत लिहिलेलं

> विषय: सीनियर अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह पदाचा राजीनामा
>
> सर,
>
> मी सीनियर अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह या पदाचा राजीनामा देत आहे. एक महिन्याचा नोटीस पिरियड धरून ३० जून हा माझा कामाचा शेवटचा दिवस असेल.
>
> इथे आले तेव्हा ऑडिटरसमोर बोलायला मी घाबरत होते. पहिल्या ऑडिटला तुम्ही स्वतः उत्तरं न देता मला बोलू दिलंत आणि मी अडले तिथे शेजारी बसून सावरून घेतलंत. आज मी ऑडिट एकटीने सांभाळते, त्याची सुरुवात तिथे झाली. त्याबद्दल मनापासून आभार. महिनाअखेरीच्या क्लोजिंगमध्ये ज्यांनी माझ्याबरोबर उशिरापर्यंत थांबून काम संपवलं त्या टीमचीही मी आभारी आहे.
>
> व्हेंडर पेमेंट आणि बँक रीकन्सिलिएशन या दोन्ही कामांच्या पायऱ्या मी १५ जूनपर्यंत लिहून देईन. मे महिन्याचं क्लोजिंग जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे, तेव्हा माझं काम जे घेणार असतील त्यांना सोबत बसवून करता येईल. नाव ठरलं की मला सांगा.
>
> तुम्हाला आणि टीमला शुभेच्छा.

शब्द मोजलेत तर मूळ पत्रापेक्षा हे बरंच लांब आहे, तरी अर्ध्या पानात बसतं. एका पानाच्या पुढे जाऊ नका, लांबलं की परत खुलासे सुरू होतात आणि खुलाशांच्या मागून तक्रार येते. "नाव ठरलं की मला सांगा" हे तिने स्वतः घातलं, मला फार आवडलं ते. मूळ पत्राचा शेवट शुभेच्छा देऊन हात झटकण्याचा होता, इथे अजून एक महिना सोबत काम करायचंय हे धरलेलं आहे.

प्रमोशनचा उल्लेख नाही, माणसं कमी असल्याचा नाही. पण बघा, व्हेंडर पेमेंट आणि बँक रीकन्सिलिएशन ही दोन्ही कामं तिच्या एकटीकडेच होती हे पत्रात साध्या माहितीसारखं आलंच आहे. वाचणाऱ्याला जे समजायचं ते समजतं.

१०. पाठवायच्या आधी

एक रात्र जाऊ द्या. सकाळी मोठ्याने वाचा, आणि वाचताना जिथे आवाज चढतो किंवा एखाद्या शब्दावर आपोआप जोर पडतो तिथे अजून काहीतरी उरलंय. मग मूळ ड्राफ्टची जी कॉपी ठेवली होती ती शेजारी उघडून फक्त एवढं तपासा की पद, तारीख, नोटीस यातलं काही सुटलं नाही ना. दुरुस्त्या करता करता नेमकी तारीखच उडते कित्येकदा.

त्या बाहेरच्या माणसाला पत्र द्या आणि "कसं वाटतंय?" असं विचारू नका, सगळे छान म्हणतात. विचारा, "हे वाचून मी का चाललेय असं वाटतं?" त्याला जर बरोबर कारण ओळखता आलं तर राग अजून आत आहे. नाही आलं तर पाठवा.

आणि शक्य असेल तर पत्र पाठवायच्या आधी मॅनेजरला तोंडी सांगा, पाच मिनिटं पुरतात. कितीही चांगलं लिहिलेलं पत्र अचानक इनबॉक्समध्ये आलं की थंडच वाटतं. मेलमध्ये मॅनेजर आणि एचआर सोडून वरच्या साहेबांना कॉपीत टाकू नका, नियम असेल तरच टाका. कॉपीतलं एक जास्तीचं नाव सगळ्या आभारांवर पाणी फिरवतं.

११. आणि तो कडक ड्राफ्ट आधीच गेला असेल तर

तर लांबलचक माफीचं पत्र लिहू नका, त्याने फाइलमध्ये एकाऐवजी दोन कागद होतील. आधी मॅनेजरला भेटा आणि म्हणा की पत्र घाईत लिहिलं होतं, सूर मला हवा तसा आला नाही, मी नीट लिहून देते. मग नवं पत्र द्या. पहिल्याच वाक्यात अमुक तारखेच्या पत्राऐवजी हे पत्र ग्राह्य धरावं असं लिहा, आणि राजीनाम्याची मूळ तारीख आणि शेवटचा दिवस तसेच ठेवा, नाहीतर नोटीस नव्याने मोजायला लागतील. एचआरला विचारा की फाइलमधलं जुनं पत्र बदलता येईल का. काही ठिकाणी बदलतात, काही ठिकाणी दोन्ही ठेवतात. दोन्ही ठेवली तरी मागाहून फाइल उघडणारा शेवटचं पत्रही वाचेल.